क्लोझापिन घरी सांभाळताना: रक्ताचा आकडा, पोटाची नोंद आणि चुकलेल्या दिवसांचा हिशेब

स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिन हे औषध सुरू झालेल्या घरात रक्ततपासणीची भीती सगळ्यांना असते, कारण तिचा कागद दर आठवड्याला हातात पडतो. पोट किती दिवस साफ झाले नाही याचा आणि गोळ्यांमध्ये किती तासांचा खंड पडला याचा कागद मात्र कुठलीही लॅब देत नाही. कोकणातल्या मनोविकार विभागात परिचारिका म्हणून काम करताना मी जे प्रसंग पाहिले, त्यांतले धोक्याचे बहुतेक प्रसंग या दोन न दिसणाऱ्या बाजूंनी आले. म्हणून या लेखात एकाच घराची गोष्ट धरून तिन्ही गोष्टींची पद्धत सांगते. हे घर देवगड तालुक्यातल्या एका वाडीतले आहे. रुग्ण एकोणतीस वर्षांचा धाकटा भाऊ असून घरात आई, मोठा भाऊ आणि वहिनी आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

स्किझोफ्रेनियावरची दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडत नाही, तेव्हा क्लोझापिनचा विचार होतो. या भावाला एप्रिलमध्ये ते सुरू झाले आणि हळूहळू वाढवत सकाळी १०० व रात्री २०० अशा एकूण ३०० मिलिग्रॅमवर नेले गेले. त्याला ऐकू येणारे आवाज जूनच्या सुरुवातीस बरेच कमी झाले होते. पुढे जे काही वाचाल ते या सुधारणेची किंमत म्हणून वाचू नका. ही सुधारणा टिकवण्यासाठी घराने शिकायची ती कामे आहेत.

रक्ताचा कागद कसा वाचायचा

१९७५ साली फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्यांपैकी काही जण जंतुसंसर्गाने दगावले. त्यानंतर हे औषध अनेक ठिकाणी मागे घेण्यात आले आणि पुढे नियमित रक्ततपासणीच्या अटीवरच ते परत आले. हा दोष शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत दिसतो. तो बहुतेक वेळा पहिल्या अठरा आठवड्यांत उद्भवतो, म्हणून सर्वसाधारण शिरस्ता पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला आणि नंतर डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे पंधरवड्याला किंवा महिन्याला रक्त तपासण्याचा आहे. औषध चालू आहे तोवर ही तपासणी चालूच राहते. अमेरिकेत २०२५ मध्ये या औषधासाठीची सक्तीची नोंदणी योजना रद्द झाली आणि ती बातमी मोबाइलवर फिरत फिरत आमच्याकडेही आली. त्यात रद्द झाली ती नोंदणीची सक्ती. रक्त तपासण्याची शिफारस तिथेही कायम आहे.

तपासणीसाठी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची साधी तपासणी पुरते. उपाशी राहावे लागत नाही आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडेसे रक्त घेतले की काम होते. वार मात्र विचार करून ठरवावा. शनिवारी नमुना दिला आणि रविवारी आकडा खाली आलेला दिसला, तर विचारायला कोणी सापडत नाही. म्हणून सोमवार किंवा मंगळवार बरा. तालुक्याच्या गावी नमुना घेऊन तो जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणारी केंद्रे असतात. नमुना त्याच दिवशी तपासला जातो का, हे तिथे आधी विचारून घ्यावे, कारण एस.टी.च्या वेळेअभावी रात्रभर पडून राहिलेल्या नळीचा आकडा भरवशाचा नसतो.

आता कागद. त्यावर वीस-पंचवीस ओळी असतात, पण आपल्याला दोनच हव्या आहेत: एकूण पांढऱ्या पेशी, ज्यापुढे टीएलसी किंवा डब्ल्यूबीसी असे छापलेले असते, आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल या संरक्षक पेशींची टक्केवारी. एकूण पेशींना या टक्केवारीने गुणून शंभराने भागले की न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या मिळते. डॉक्टर तिला एएनसी म्हणतात आणि निर्णय मुख्यतः तिच्यावर होतो. काही लॅब ४,२०० ऐवजी ४.२ असे हजारांत छापतात. अर्थ एकच आहे.

या भावाच्या सातव्या आठवड्याच्या कागदावर ५,८०० पेशी आणि ५५ टक्के न्यूट्रोफिल होते, म्हणजे संख्या ३,१९०. आठव्या आठवड्यात ५,००० आणि ५१ टक्के, म्हणजे २,५५०. नवव्या आठवड्यात ४,२०० आणि ४६ टक्के आले. वहिनींनी तो कागद पाहिला तेव्हा त्यावर एकही ओळ ठळक नव्हती किंवा कशापुढे खुणेचा बाणही नव्हता, कारण लॅबच्या दृष्टीने ४,२०० ही संख्या ४,००० ते ११,००० या नेहमीच्या मर्यादेत बसते आणि ४६ टक्केही चालण्यासारखे असतात. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर निर्दोष दिसतात. गुणाकार केल्यावर मात्र १,९३२ येतात आणि क्लोझापिनच्या रुग्णासाठी ही सावधगिरीच्या पट्ट्यातली संख्या आहे. लॅबला रुग्ण कुठले औषध घेतो ते माहीत नसते, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या काउंटरवरच्या वाक्यावर या औषधापुरते विसंबू नये.

आमच्याकडे वापरात असलेल्या सीमा अशा आहेत. एकूण पेशी ३,५०० किंवा त्याहून अधिक आणि न्यूट्रोफिल २,००० किंवा त्याहून अधिक असतील, तर नेहमीप्रमाणे चालू ठेवायचे. एकूण पेशी ३,००० ते ३,५०० किंवा न्यूट्रोफिल १,५०० ते २,००० यांच्या दरम्यान असतील, तर औषध चालू ठेवून आठवड्यातून दोनदा रक्त तपासायचे. एकूण ३,००० च्या किंवा न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली गेले, तर त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांकडे जायचे आणि ते सांगेपर्यंत पुन्हा सुरू करायचे नाही. काही देशांच्या नियमांत या सीमा याहून खाली आहेत. त्यामुळे आपल्या डॉक्टरांच्या हाताने फायलीच्या पहिल्या पानावर त्यांचे आकडे लिहून घ्यावेत आणि तेच प्रमाण मानावेत.

या भावाचे औषध थांबले नाही. तीन दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा ४,६०० आणि ५२ टक्के म्हणजे २,३९२ आले, आणि त्यानंतरच्या वेळी ५,२०० व ५६ टक्के म्हणजे २,९१२. वहिनींनी तेव्हापासून शाळेच्या आखीव वहीत चार रकाने पाडले: तारीख, एकूण, टक्के, गुणाकार. सलग तीन ओळी उतरत्या दिसल्या की संख्या सीमेच्या वर असली तरी त्या डॉक्टरांना पानाचा फोटो पाठवतात. मला यापेक्षा चांगली पद्धत सुचलेली नाही.

दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांसाठी नियम एकच आहे: ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले, तर आठवड्याचा वार न पाहता त्याच दिवशी सीबीसी करायची. पावसाळ्यात कोकणात तापाला काही तोटा नसतो. भातलावणीच्या चिखलात उभे राहणाऱ्याला लेप्टो होऊ शकतो आणि डेंग्यू-मलेरियाही असतातच. त्यातही डेंग्यूत पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे आकडा खाली आला तर तो तापाने की गोळीने, हे घरी ठरवता येत नाही आणि ठरवण्याचा प्रयत्नही करू नये. पॅरासिटामॉल द्यावे, पण त्याने ताप उतरला म्हणून तपासणी पुढे ढकलू नये. जो डॉक्टर तापावर औषध लिहील त्याला गोळीचे नाव आधी सांगावे, कारण कोट्रायमोक्साझोलसारखी प्रतिजैविके पांढऱ्या पेशींवर आणखी भार टाकतात आणि सिप्रोफ्लॉक्सासिन रक्तातील क्लोझापिनची पातळी बरीच वाढवते. औषध सुरू झाल्याच्या पहिल्या दोन महिन्यांत तापाबरोबर छातीत दुखणे, धाप लागणे किंवा नाडी सतत जलद चालणे असे काही असेल, तर हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. तेव्हा लॅबमध्ये न थांबता सरळ रुग्णालय गाठावे.

पोट: ज्याची तक्रार रुग्ण करत नाही

क्लोझापिन आतड्यांची हालचाल मंदावते. आतड्यांच्या स्नायूंना आकुंचन पावायला सांगणारे जे रासायनिक निरोप असतात, ते या औषधाने अडवले जातात. निरोगी माणसात साधारण एका दिवसात मोठ्या आतड्यातून पुढे सरकणारा मळ या रुग्णांत चार-चार दिवस रेंगाळतो, असे मोजून पाहिलेले आहे. तिथे पाणी शोषले जाऊन तो कडक होतो, आतडे ताणले जाते, ताणलेले आतडे आणखी कमी हलते आणि शेवटी ते पूर्ण थांबू शकते किंवा फाटू शकते. गंभीर पायरीपर्यंत पोचलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे. रक्तपेशींसाठी एवढी काटेकोर तपासणी असल्यामुळे आज क्लोझापिनच्या रुग्णाला पेशी कमी होण्यापेक्षा आतडी बंद पडण्याचे भय जास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याविषयीचा इशारा अधिक कडक केला तो याच कारणाने.

अडचण अशी की रुग्ण स्वतःहून सांगत नाही. आजारामुळे पोटाच्या जाणिवेकडे लक्ष कमी असते, कधी संकोच असतो आणि आपल्याकडे संडास घरामागे परड्यात असला, तर कोण कधी गेले हे इतरांना कळतही नाही. ‘पोट साफ होते ना?’ असे विचारले की ‘होते’ हे उत्तर ठरलेले असते. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर एका दिवसाचेच असेल: ‘आज झाली का, आणि कडक झाली की मऊ?’ हा प्रश्न रात्रीची गोळी हातावर ठेवताना विचारावा, म्हणजे विसरत नाही. उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत एका अक्षराने लिहावे: झाली तर ‘झ’, कडक झाली तर ‘क’, नाही झाली तर ‘न’. घरच्यांशिवाय कोणाला अर्थ कळत नाही, म्हणून रुग्णालाही ओशाळे वाटत नाही.

प्रतिबंध पहिल्या गोळीपासूनच सुरू करायचा असतो, तक्रारीची वाट पाहून नाही. सोनामुखीपासून बनवलेली गोळी किंवा बिसाकोडिल आतड्याला हालचाल करायला लावते आणि मॅक्रोगॉलची पावडर मळात पाणी धरून ठेवते. यांपैकी काय, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून औषध सुरू होतानाच लिहून घ्यावे. जेवणात भाज्या, फळे आणि पाणी वाढवणे चांगलेच आहे, पण भात-माशांच्या जेवणात थोडी पालेभाजी वाढवली म्हणून हे आतडे हलेल, या भरवशावर राहू नये. त्याची गतीच औषधाने अडवलेली आहे.

इथे एका घरगुती उपायाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, आणि तो म्हणजे इसबगोल. इतर माणसांना ते चालते, कारण ते पाणी शोषून फुगते आणि फुगलेला भार आतडे पुढे ढकलते. इथे ढकलणारेच मंद आहे. तेव्हा फुगलेला गोळा जागच्या जागी राहून अडथळा वाढवू शकतो. क्लोझापिनच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल देऊ नये.

आता जुलै महिना, चौदावा आठवडा. चार दिवस पाऊस थांबला नव्हता आणि परड्यात पाणी साचले होते. कॅलेंडरात दोन ‘क’ आणि त्यानंतर सलग दोन ‘न’ होते, पण ते लिहिणाऱ्या वहिनी माहेरी गेल्यावर चौकटी कोऱ्या राहिल्या. आईंनी रोज रात्री दोन चमचे इसबगोल दिले. जुन्या चिठ्ठीतली ट्रायहेक्सीफेनिडिल ही हात थरथरण्यावरची गोळी आधीच्या औषधासाठी होती. क्लोझापिनवर तिची सहसा गरज उरत नाही, तरी ती चालूच होती, शिवाय रात्री उशी भिजवणाऱ्या लाळेसाठी ग्लायकोपायरोलेट नुकतेच सुरू झाले होते. या दोन्ही गोळ्या आतडे क्लोझापिनच्याच पद्धतीने मंदावतात, म्हणजे एका आतड्यावर तीन लगाम बसले होते. सहाव्या दिवशी कपड्यांना पातळ मळ लागलेला दिसला. घरात सगळ्यांना हायसे वाटले, मग जुलाब लागले असे वाटून गावातल्या दुकानातून लोपेरामाइडची गोळी आणली गेली.

तो जुलाब नव्हता. अडकलेल्या कडक मळाच्या कडेने पाझरणारे ते पाणी होते. बद्धकोष्ठाच्या नोंदीनंतर अचानक थोडे थोडे, नकळत होणारे पातळ शौच दिसले, तर मळ अडकला आहे असेच धरून चालावे आणि जुलाब थांबवणारी गोळी मुळीच देऊ नये. मोठ्या भावाने गोळी देण्याआधी मला फोन केला हे नशीब. मी त्याला पोटावर हात ठेवून पाहायला सांगितले. पोट ढोलासारखे ताणलेले होते, डाव्या बाजूला खाली कडक गाठी हाताला लागत होत्या आणि सकाळपासून वायूही सरला नव्हता. रात्रीची गोळी न देता त्याला रुग्णालयात आणले. एक्स-रेमध्ये मोठे आतडे भरलेले दिसले, पण ते फाटलेले नव्हते. एनिमा आणि शिरेतून पाणी देऊन दोन दिवसांत मोकळे झाले, क्लोझापिन अठ्ठेचाळीस तास उलटायच्या आत डॉक्टरांनी पुन्हा चालू केले आणि बाकीच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या.

त्यानंतर या घराने पाळलेला क्रम असा. सलग दोन ‘न’ आले की डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली रेचकाची वाढीव मात्रा द्यायची आणि त्यांना कळवायचे. तिसरा ‘न’ आला की पोट प्रत्यक्ष तपासून घ्यायचे. पोट ताणलेले आणि दुखरे असेल, उलट्या होत असतील, विशेषतः उलटीचा रंग हिरवा वा वास शेणासारखा असेल, किंवा वायू सरत नसेल, तर दिवस मोजत न बसता १०८ ला फोन करायचा. अशा वेळी आदल्या दिवशी ‘झ’ लिहिलेले असले तरी त्याला महत्त्व नाही. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाने आणि पोटातल्या मुरड्यावर दिल्या जाणाऱ्या डायसायक्लोमिनसारख्या गोळ्यांनीही आतडे मंदावते, म्हणून ही औषधे दुकानातून स्वतःहून घेऊ नयेत.

खंड पडला तर जुनी मात्रा का चालत नाही

गणपतीच्या दिवसांत कोकणातले घर भरलेले असते. मुंबईहून चाकरमानी आले की पडवीपासून माळ्यापर्यंत माणसेच माणसे, आणि रोजचा क्रम राहत नाही. या घरात एकविसाव्या आठवड्यात गणपती आले. सोमवारी रात्रीची गोळी घेतल्यावर पट्टी संपली. तालुक्याच्या दुकानात क्लोझापिन नव्हते, मागवून ठेवतो म्हणाले, आणि मग आरत्या-मोदकांच्या गडबडीत ते राहून गेले. बुधवारी त्याला मळमळ आणि घाम सुरू झाला, गुरुवारी झोप गेली, शुक्रवारी तो अंगणात एकटाच पुटपुटत फिरू लागला. औषध एकदम तुटल्याची ही लक्षणे होती. ती पाहून घाबरलेल्या घराला जे सुचते तेच इथे झाले. भाऊ शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या गावाहून गोळ्या घेऊन आला आणि रात्री दहाला नेहमीची २०० मिलिग्रॅमची मात्रा दिली गेली.

रात्री दोनला लघवीला उठताना तो पडवीच्या पायरीवर कोसळला. कपाळाला खोक पडली, नाडी हाताला जेमतेम लागत होती. रुग्णालयात आला तेव्हा वरचा रक्तदाब ७० होता. पाय उंच ठेवून, शिरेतून पाणी देऊन सकाळपर्यंत तो सावरला. असा प्रत्येक जण सावरत नाही. खंडानंतर मोठी मात्रा घेतल्यावर हृदयाची किंवा श्वासाची क्रिया थांबू शकते, आणि फिटही येऊ शकते.

असे का होते, ते एकदा समजले की नियम पाठ करावा लागत नाही. क्लोझापिन रक्तवाहिन्यांना आकुंचन पावू देत नाही. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा पायांकडे उतरणारे रक्त वर राखण्यासाठी त्या आकुंचन पावाव्या लागतात. पहिल्या दिवशी हे औषध साडेबारा मिलिग्रॅम, म्हणजे पंचविसाच्या गोळीचा अर्धा तुकडा, एवढ्यानेच सुरू करतात, ते शरीराला या अडथळ्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे मिळावेत म्हणून. झोपेची गुंगीही अशीच हळूहळू अंगवळणी पडते. हे जुळवून घेणे औषध अंगात आहे तोवरच टिकते. रक्तातील क्लोझापिन साधारण बारा तासांत निम्मे होते, म्हणजे चोवीस तासांनी पाव आणि अठ्ठेचाळीस तासांनी सुमारे सोळावा हिस्सा उरतो. औषध गेले की शरीर आपली जुनी घडी परत बसवते. चार दिवसांच्या खंडानंतर हा भाऊ ३०० मिलिग्रॅम पचवणारा रुग्ण राहिलेला नव्हता. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने तो एप्रिलमधला, पहिल्या दिवशीचा रुग्ण झाला होता आणि त्याला पहिल्या दिवसाच्या सोळापट मात्रा मिळाली.

म्हणून हिशेब तासांत करायचा, आणि तो शेवटची गोळी प्रत्यक्ष गिळल्याच्या वेळेपासून. पट्टी कधी संपली यावरून किंवा ‘दोनेक दिवस झाले असतील’ अशा अंदाजावरून नाही. रुग्ण गोळी गालात धरून थुंकत असेल, अशी शंका असली तर ती गोळी घेतलेली नाही असे धरावे. अठ्ठेचाळीस तास पूर्ण झालेले नसतील, तर पुढची मात्रा नेहमीच्या वेळी नेहमीइतकीच द्यावी. चुकलेली भरून काढायला दुप्पट कधीही देऊ नये. अठ्ठेचाळीस तास उलटून गेले असतील, तर घरी एकही गोळी न देता डॉक्टरांना फोन करावा आणि ‘शेवटची गोळी अमुक दिवशी अमुक वाजता’ हे वाक्य आधी सांगावे. मधल्या रात्री आवाज वाढले, झोप आली नाही, तर त्यासाठी दुसरे काय द्यायचे हेही त्यांनाच विचारावे. झोपेची जुनी गोळी स्वतःहून दिली तर क्लोझापिन पुन्हा सुरू होताना श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. फोन लागत नसेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही सल्ला मिळतो.

या भावाला पुन्हा कसे चढवले ते सांगते, पण हा क्रम त्याच्यापुरता होता आणि तो उचलून दुसऱ्याला लावू नये. पहिल्या रात्री साडेबारा मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी साडेबारा दोन वेळा, तिसऱ्या दिवशी पंचवीस दोन वेळा, आणि मग रोज पंचवीस ते पन्नासने वाढवत अकराव्या दिवशी ३००. रोज गोळीआधी आणि नंतर त्याचा रक्तदाब आडवा असताना व उभा राहिल्यावर असा दोनदा मोजला. एका दिवशी उभे राहताच वरचा आकडा बराच घसरला, तेव्हा त्या दिवशीची वाढ पुढे ढकलली. एकदा सोसलेले औषध असल्यामुळे दुसऱ्या वेळी चढण बहुधा पहिल्यापेक्षा लवकर चढता येते, पण वेग रक्तदाब पाहून डॉक्टर ठरवतात. घरी त्याला एक सवय लावली: उठताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसायचे, मग उभे राहायचे. रात्री लघवीसाठी परड्यात जाणे बंद करून खाटेजवळ भांडे ठेवले.

खंडाचा परिणाम रक्ततपासणीवरही होतो, हे बऱ्याच घरांना माहीत नसते. अठरा आठवडे पूर्ण झाल्यामुळे त्याची तपासणी विरळ होणार होती. पण खंड तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याने पुढचे सहा आठवडे ती पुन्हा दर आठवड्याला ठेवली. खंड चार आठवड्यांहून मोठा असता, तर अठरा आठवडे पहिल्यापासून मोजावे लागले असते.

खंड नेहमी विसरण्यानेच पडतो असे नाही. दुसऱ्याच कारणासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या गोळ्या तीन दिवस थांबतात आणि मग केसपेपरवर ‘चालू औषधे पूर्ववत’ असे लिहून सगळी मात्रा एकदम सुरू होते. तिथल्या डॉक्टरांना दोष देण्यापेक्षा रुग्णाच्या खिशात एक कार्ड ठेवावे. त्यावर औषधाचे नाव आणि मात्रा, शेवटच्या एएनसीचा आकडा व तारीख, मनोविकारतज्ज्ञांचा फोन आणि एक ओळ मोठ्या अक्षरांत: ‘४८ तासांहून अधिक खंड पडल्यास जुनी मात्रा देऊ नये.’ रुग्ण विडी ओढत असेल तर तेही लिहावे, कारण धुरामुळे क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जाते आणि वॉर्डात विडी बंद झाली की त्याच मात्रेत रक्तातील पातळी चढते. मिश्रीने किंवा तंबाखू चघळण्याने असे होत नाही. हा परिणाम धुराचा आहे.

आता त्या घरात फडताळावर बिस्किटांच्या डब्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या वेगळ्या असतात. घाट बंद पडला किंवा दुकानात माल आला नाही, तर त्याच उघडायच्या. दर महिन्याला नवीन पट्ट्या डब्यात आणि डब्यातल्या वापरात, म्हणजे मुदत उलटत नाही. डब्याच्या झाकणावर वहिनींनी शेवटच्या गोळीची वेळ खडूने लिहायची पाटी चिकटवली आहे. परवा मी गेले तेव्हा त्यावर ‘रात्री ९.४०’ होते, कॅलेंडरात आठवडाभर ‘झ’ होते, आणि वहीत खंडानंतरच्या सहाव्या आठवड्याची ओळ होती: ६,१००, ५८, ३,५३८.